हापूसच्या दरांचा मेल पाठवण्याआधीची तयारी

देवगड-रत्नागिरीच्या बागांतून मार्चमध्ये मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांना दरांचा मेल जातो. गिऱ्हाईक तो लोकलमध्ये उभ्या उभ्या, एका हाताने वाचतं. म्हणून मेल लॅपटॉपवर लिहिला, तरी मापं फोनची धरावीत.

पहिलं काम अक्षरांचं. मजकूर युनिकोड मराठीत आहे ना, ते पाहावं. छापखान्यातून आलेलं दरपत्रक बहुधा जुन्या डीटीपी फॉन्टात असतं. तो फॉन्ट गिऱ्हाइकाच्या फोनात नसल्यामुळे तिथे मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा सरळ नव्याने टाइप करावा. वर्डमधून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेला मजकूर Ctrl+Shift+V ने चिकटवावा, म्हणजे तिकडचे रंग, आकार आणि समास सोबत येत नाहीत.

मग परिच्छेद. लॅपटॉपवर तीन ओळींत मावणारं फोनवर सात-आठ ओळी होतं. एका परिच्छेदात दोन-तीन वाक्यं पुरेत, आणि दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी. पहिल्या वाक्यातच कामाचं सांगावं: पहिली तोड कधी, पेट्या कधी निघणार, ऑर्डर कुठल्या तारखेपर्यंत. इनबॉक्सच्या यादीत विषयाशेजारी किंवा त्याखाली तेच वाक्य दिसतं. तिथे ‘सप्रेम नमस्कार, आपण सर्व कुशल असाल’ आलं की दर आलेत हे कळतच नाही. नमस्कार जरूर असावा, पण एका शब्दात.

सर्वांत जास्त वेळ टेबलाला द्यावा, कारण मोडतं तेच. समजा, एक्सेलमध्ये पाच रकाने आहेत: पेटी, फळाचं वजन, नग, बागेतला दर, घरपोच दर. हे तसंच चिकटवलं तर रकान्यांची रुंदीही ठरलेल्या मापाने सोबत येते. मग काही अ‍ॅप सगळं टेबल आकसून मुंगीएवढं करतात, तर काहींमध्ये ते बाजूला सरकवावं लागतं आणि शेवटचा रकाना, म्हणजे नेमका दर, पडद्याबाहेर राहतो. स्पेस मारून रकाने जुळवणं तर नकोच. अक्षरांची रुंदी सारखी नसते, त्यामुळे दुसऱ्या फोनवर ओळी वाकड्या होतात.

दोनच रकाने ठेवावेत. डावीकडे ‘४ डझन, फळ २५० ग्रॅमच्या वर’, उजवीकडे फक्त घरपोच दर. नग डझनातच आला. बागेतला दर बागेवर येऊन नेणाऱ्यांसाठी टेबलाखाली एका वाक्यात लिहावा. टेबल गूगल डॉक्समध्ये करत असाल तर नेहमीच्या ए-४ पानावर ते आपोआप जवळपास १६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ६०० पिक्सेल रुंद होतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनची रुंदी या हिशेबात ३६० च्या आसपास असते. म्हणून कडा ओढून टेबल ८ सेंटिमीटरवर आणावं आणि मगच मेलमध्ये चिकटवावं. एकत्र केलेले खण किंवा टेबलात टेबल नको. लांबलचक लिंकही खणात घालू नये, कारण तिला तोडायला जागा नसते आणि ती रकाना ताणते. एखाद्या अ‍ॅपने रेषा काढून टाकल्या तरी ‘४ डझन’च्या पाठोपाठ त्याचाच दर येतो, त्यामुळे अर्थ लागतो.

टेबलाचा फोटो पाठवायचा मोह होतो. पण काही ठिकाणी चित्रं आपोआप उघडत नाहीत, फोटोतली अक्षरं बारीक होतात, आणि पारदर्शक चित्रातली काळी अक्षरं डार्क मोडमध्ये दिसेनाशी होतात.

ऑर्डरसाठी काय काय कळवायचं, ते बुलेटमध्ये द्यावं: पेट्या किती, पत्ता व पिनकोड, फोन नंबर. मेलमधलंच बुलेटचं बटण वापरावं. वर्डचे बुलेट कधी चौकोन, कधी इंग्रजी ‘o’ होऊन उतरतात. बुलेटच्या आत बुलेट घेऊ नयेत. प्रत्येक पायरीला डावीकडची जागा जाते आणि मजकूर उजवीकडे चिंचोळा होतो. खातं क्रमांक आणि यूपीआय आयडी वेगवेगळ्या ओळींवर, पुढेमागे काही न लिहिता द्यावेत, म्हणजे बोट दाबून नेमकं तेवढंच कॉपी करता येतं.

गेल्या वर्षीच्याच मेलवर पुन्हा उत्तर देऊन दर पाठवू नयेत. साखळी वाढत जाते, आणि १०२ केबीच्या पुढे जीमेल खालचा भाग कापून [Message clipped] दाखवतं.

आता मेल आधी स्वतःला पाठवावा. अँड्रॉइडवरच्या जीमेलमध्ये, कुणाच्या तरी आयफोनवरच्या मेलमध्ये आणि कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये तो उघडून पाहावा. एकदा डार्क मोड लावून, आणि एकदा फोनची अक्षरं सेटिंगमधून मोठी करून. कित्येक वयस्क गिऱ्हाईकं तशीच वाचतात. मोठ्या अक्षरांत ₹ एका ओळीवर आणि आकडा दुसऱ्या ओळीवर गेला, तर मधली स्पेस काढावी. बोटाने आडवं सरकवल्याशिवाय ४ डझनाच्या पेटीचा दर दिसला, तर मेल गिऱ्हाइकांना पाठवायला हरकत नाही.