डीएनएसच्या चित्रातले बाण कसे वाचायचे

सर्व्हर किंवा नेटवर्क सांभाळायच्या कामासाठी मुलाखत घेताना मी एक प्रश्न हमखास विचारतो. ब्राउझरमध्ये www.example.com टाकल्यावर त्याचा आयपी ॲड्रेस कसा सापडतो, ते कागदावर काढून दाखवा. चौकटी बहुतेकांना येतात. डावीकडे आपला संगणक, मध्ये आपल्या वतीने शोध घेणारा रिझॉल्व्हर, उजवीकडे एकाखाली एक रूट सर्व्हर, डॉट कॉमचे सर्व्हर आणि शेवटी डोमेनची मूळ नोंद ठेवणारा ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हर. गाडी अडते ती बाणांवर. बरेच जण रूटकडून डॉट कॉमकडे आणि तिथून ऑथॉरिटेटिव्हकडे बाण ओढतात, जणू प्रश्न हातोहात पुढे सरकतोय. तसं होत नाही. रूट सर्व्हर तुमच्यासाठी पुढे कुणालाही काही विचारायला जात नाही. उजवीकडच्या चौकटींमध्ये आपसात एकही बाण नसतो. तिकडे जाणारा प्रत्येक बाण रिझॉल्व्हरपासून निघतो आणि उत्तर रिझॉल्व्हरकडेच परत येतं.

म्हणजे चित्रात दोन जातींचे प्रश्न आहेत. संगणक रिझॉल्व्हरला विचारतो, तेव्हा त्याचं म्हणणं असतं, "मला शेवटचं उत्तरच आणून दे." रिझॉल्व्हर पुढे विचारतो ते मात्र "तुला जेवढं माहीत असेल तेवढं सांग" अशा बोलीवर. हे पाठ करण्यापेक्षा स्वतः रिझॉल्व्हर होऊन पाहिलेलं बरं. डीएनएसला प्रश्न विचारणारी dig ही कमांड टर्मिनलमध्ये अशी चालवा, त्यातलं +norecurse म्हणजे "माहीत तेवढंच सांग" हीच बोली:

```
dig @a.root-servers.net www.example.com +norecurse
```

उत्तरात ANSWER: 0 दिसेल. उत्तर नाहीच! पण खाली AUTHORITY SECTION मध्ये अशा ओळी येतील:

```
com.  172800  IN  NS  a.gtld-servers.net.
```

रूटचं म्हणणं एवढंच, की मला www.example.com माहीत नाही, पण com कोण सांभाळतं ते माहीत आहे, त्यांना विचार. त्या सर्व्हरांचे आयपी ॲड्रेसही ADDITIONAL SECTION मध्ये सोबत येतात, नाहीतर त्यांचं नाव शोधायला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली असती. आता @ च्या पुढे a.gtld-servers.net घालून तोच प्रश्न विचारा. पुन्हा उत्तर नाही, पण example.com च्या नेमसर्व्हरांची, म्हणजे त्याच्या ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरांची, नावं मिळतात. त्यातल्या एकाला तिसऱ्यांदा तेच विचारलं, की ANSWER SECTION मध्ये ॲड्रेस येतो आणि वरच्या flags च्या ओळीत aa ही दोन अक्षरं दिसतात. हे उत्तर ऐकीव नाही, ज्याच्याकडे मूळ नोंद आहे त्यानेच दिलंय, असा त्याचा अर्थ. चित्रातली शेवटची चौकट खरी कुठली, हे ओळखायची खूण हीच.

मग रूटचा ॲड्रेस रिझॉल्व्हरला कोण सांगतं, हा प्रश्न हुशार उमेदवार स्वतःहून काढतो. तो कुणी सांगत नाही. a पासून m पर्यंत १३ रूट नावं आणि त्यांचे ॲड्रेस रिझॉल्व्हरच्या सॉफ्टवेअरसोबतच एका यादीत येतात. (नावं १३ असली तरी यंत्रं तेवढीच नाहीत. एकाच ॲड्रेसवर जगभरात अनेक ठिकाणची यंत्रं उत्तर देतात.)

चित्रात न दिसणारी, पण रोजच्या कामात सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे कॅशे, रिझॉल्व्हरने जपून ठेवलेली उत्तरं. प्रत्येक नोंदीसोबत टीटीएल येतो, म्हणजे ती किती सेकंद जपून ठेवायची याची मुदत. वरच्या ओळीतले 172800 सेकंद म्हणजे दोन दिवस. com कोण सांभाळतं हे एकदा कळलं, की रिझॉल्व्हरला तेवढा काळ त्यासाठी रूटकडे फिरकायची गरज नाही. पूर्ण चित्रातला लांब फेरा त्यामुळे क्वचितच होतो. बहुतेक वेळा सगळा मामला संगणक आणि रिझॉल्व्हर यांच्यातच मिटतो.

आता एक प्रसंग घ्या. साइट नव्या सर्व्हरवर न्यायची आहे. जुना ॲड्रेस 192.0.2.10, नवा 192.0.2.20, आणि नोंदीचा टीटीएल ३६०० सेकंद. एका रिझॉल्व्हरने सकाळी १० वाजता जुना ॲड्रेस घेतला. तुम्ही १०:२० ला नोंद बदलली. त्या रिझॉल्व्हरला याचा पत्ताच नाही, कारण बदल झाल्याचं त्याला कुणी कळवत नाही. ११ वाजेपर्यंत तो बिनधास्त जुना ॲड्रेस देत राहणार. "डीएनएस पसरायला वेळ लागतो" असं सगळे म्हणतात, पण पसरत काहीच नाही. जुन्या प्रती एकेक करून मुदत संपून गळून पडतात, एवढंच.

ही अवस्था ओळखता येते. आधी ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरला थेट विचारा. तिथे 192.0.2.20 दिसला, म्हणजे तुमचं काम नीट झालंय. मग नेहमीच्या रिझॉल्व्हरला विचारा:

```
dig www.example.com
```

१०:४५ ला इथे जुना ॲड्रेस आणि टीटीएलच्या जागी 900 च्या आसपासचा आकडा दिसेल. थोड्या वेळाने पुन्हा विचाराल तर तो आणखी उतरलेला असेल. उतरता आकडा दिसला, की कॅशे. ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हरकडून तो बहुधा दर वेळी पूर्ण 3600 च येतो. 8.8.8.8 सारख्या मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवर मात्र गोंधळू नका. एका ॲड्रेसमागे अनेक यंत्रं असतात आणि त्यांचे कॅशे वेगवेगळे, म्हणून एकदा नवा, एकदा जुना ॲड्रेस मिळू शकतो. आणि dig +trace वर इथे विसंबू नका. तो रिझॉल्व्हरला बाजूला ठेवून रूटपासून स्वतः चालत जातो. त्यामुळे तिथे नवा ॲड्रेस दिसेल, आणि वापरणाऱ्याच्या पदरात जुनाच पडत असेल.

टीटीएल आधी कमी करून ठेवणं हा यावरचा उपाय, पण त्यातही वेळेचं गणित आहे. १०:२० ला ॲड्रेससोबतच टीटीएल ३०० केला, तर १० वाजता नोंद घेतलेल्याला त्याचा काही उपयोग नाही, त्याच्याकडे जुनी मुदतच आहे. ३०० हा आकडा निदान तासभर आधी, म्हणजे जुन्या टीटीएलइतका वेळ आधी घालायला हवा. मग ॲड्रेस बदलल्यावर बहुतेक रिझॉल्व्हर पाच मिनिटांत नव्यावर येतात. बहुतेक म्हणतोय, कारण काही रिझॉल्व्हर फार छोटा टीटीएल मानत नाहीत आणि स्वतःची किमान मुदत लावतात.

तास उलटला, आकडा उतरून पुन्हा 3600 झाला, तरी जुनाच ॲड्रेस येतोय? मग दोष कॅशेचा नाही. अशा वेळी मी थेट डॉट कॉमच्या चौकटीकडे जातो:

```
dig @a.gtld-servers.net example.com NS +norecurse
```

इथे आलेली नेमसर्व्हरची नावं आणि तुम्ही ज्या पॅनेलमध्ये नोंद बदललीत तिथली नावं जुळतात का, ते पाहा. डीएनएसची सेवा बदललेली असते, नव्या ठिकाणी नोंदी भरलेल्या असतात, पण डोमेन जिथे नोंदवलंय तिथे जुनेच नेमसर्व्हर राहिलेले असतात, असं फार वेळा निघतं. डॉट कॉमचे सर्व्हर मग जगाला जुन्याच दारावर पाठवत राहतात आणि नव्या पॅनेलमधल्या नोंदी कुणी विचारायलाच येत नाही. नेमसर्व्हरची नावं डोमेनच्या नोंदणीतच बदलावी लागतात. त्या नोंदींचा टीटीएलही दोन दिवसांचा असल्यामुळे, बदल केल्यावर निदान तेवढा काळ जुन्या नेमसर्व्हरवरही नवा ॲड्रेस भरून ठेवायचा आणि मगच ती सेवा बंद करायची.