पगाराच्या उचलीचा अर्ज: या चुका टाळा

बावीस वर्षं कारखान्यात पगारपत्रकं करतोय. उचलीचा अर्ज हातात आला की मी तो शेवटच्या ओळीपासून वाचतो, कारण वरचं सगळं मला पाठ आहे: ‘घरगुती अडचणीमुळे पैशांची नितांत आवश्यकता असल्याने सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.’ शेवटी तरी एखादा आकडा आहे का, ते बघायचं असतं. बहुतेकदा नसतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हातात येणारा पगार न बघता हप्ता ठरवणं. आमच्याकडचा एक ऑपरेटर, माणूस सरळ, हजेरी चोख. पोरीच्या डिप्लोमाच्या प्रवेशाची फी भरायची होती. अर्जात लिहिलं, ‘50,000 द्यावेत, तीन महिन्यांत फेडतो.’ कारण? ‘घरगुती अडचण’. मी त्याची पे-स्लिप काढली. पगार 24,000. त्यातून पीएफ 1,800, व्यवसाय कर 200, पतसंस्थेचा हप्ता 3,000. हातात 19,000. तीन हप्ते म्हणजे महिन्याला 16,667.

“अण्णा, 2,333 रुपयांत घर चालवणार?”

“ते बघू हो साहेब, आधी मिळू तर द्या.”

हेच ते ‘बघू’. एवढी कपात आम्ही करूही शकत नाही. कायदा एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर रोखतो. पूर्वी सहकारी संस्थेचा हप्ता असला तर 75 टक्क्यांपर्यंत सूट होती. अण्णांची कपात 21,667 होत होती, म्हणजे ती त्या सूटीतही बसत नव्हती. मॅनेजरनं अर्ज परत पाठवला आणि फीची मुदत चार दिवसांवर आली.

मग दोघं कँटीनला बसलो. फी किती? 43,000. जवळ किती? 11,000. म्हणजे लागतात 32,000! मग 50,000 कशाला? “वरचे कापतातच, म्हणून वाढवून लिहिलं.” ही दुसरी आवडती युक्ती. बाजारात भाव करताना ठीक आहे, पण इथं फीची पावती जोडली की वाढवलेला आकडा लगेच उघडा पडतो, आणि मग खऱ्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.

हप्ता मी नेहमी उलटा काढतो. घरभाडं, किराणा, प्रवास धरून महिन्याला किती लागतात ते आधी लिहायचं. अण्णांना 15,000 लागत होते. 19,000 मधून उरले 4,000, तोच हप्ता. आठ महिने. एकूण कपात 9,000, म्हणजे निम्म्याच्या आत. मग अर्ज असा झाला:

‘विषय: मुलीच्या प्रवेश फीसाठी 32,000 रुपयांची उचल मिळणेबाबत.

महोदय, माझ्या मुलीला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश मिळाला आहे. फी 43,000 असून ती 18 जुलैपर्यंत भरायची आहे. 11,000 ची सोय मी केली आहे. उरलेल्या 32,000 ची उचल मिळावी. ऑगस्टच्या पगारापासून मार्चच्या पगारापर्यंत दरमहा 4,000 प्रमाणे आठ हप्ते कापून घेण्यास माझी संमती आहे. त्याआधी नोकरी सोडल्यास बाकी रक्कम माझ्या अंतिम हिशेबातून वळती करावी. सोबत फीची मागणीपावती जोडली आहे.’

त्याच संध्याकाळी सही झाली. नोकरी सोडण्याचं वाक्य लिहायला अण्णा घाबरत होता, ‘साहेबांना वाटेल मी चाललोय’ म्हणून. उलट आहे. मॅनेजरच्या मनात तोच प्रश्न असतो. त्याला तुम्ही आधीच उत्तर दिलंत की त्याचा हात सैल होतो.

‘दिवाळीच्या बोनसमधून कापा’ असं लिहू नका. बोनसचा आकडा अजून जाहीर झालेला नसतो.

कारण सांगायला लाज वाटत असेल, तर सगळा तपशील द्यायची गरज नाही. ‘वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी’ एवढं पुरे, दवाखान्याचं अंदाजपत्रक जोडा. खोटं कारण मात्र नको. शॉप फ्लोअरवर बातमी दुपारच्या चहाच्या आत फिरते.

मोबाइलवर फिरणारा नमुना उतरवून काढणाऱ्यांबद्दल काय बोलू! एकानं दुसऱ्याच विभागाचं नाव तसंच ठेवून अर्ज दिला होता.

तारीखही बघा. आमच्याकडे हजेरी 25 ला बंद होते. 27 ला येऊन ‘आजच पाहिजे’ म्हणणाऱ्याचा अर्ज आधीच्या ढिगाखाली जातो, आणि तो मी तिथून वर काढत नाही.

जुनी उचल बाकी असेल तर ती स्वतःच लिहा: ‘आधीच्या उचलीचे दोन हप्ते शिल्लक आहेत.’ मी रजिस्टर उघडणारच आहे.