पाच ओळींत बर्फ: विज्ञान मंडळाच्या लिमरिकसाठी तयारीची यादी

सहावी ते आठवीच्या विज्ञान मंडळात लिमरिकचा, म्हणजे पाच ओळींच्या गमतीदार यमकी कवितेचा, तास घ्यायचा असेल, तर एकच कल्पना निवडा आणि ती एका साध्या वाक्यात लिहून काढा. ‘घनता’ हा विषय झाला, कल्पना नव्हे. ‘पाणी गोठले की वजन तेवढेच राहते, पण जागा जास्त लागते, म्हणून बर्फ तरंगतो’ ही कल्पना. हे वाक्य फळ्याच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत राहू द्या, कारण यमक जुळवण्याच्या नादात सगळ्यात आधी हेच वाक्य बिघडते.

प्रयोगाची तयारी आदल्या दिवशी करावी लागते. सरळ बाजूंचा, जाड प्लॅस्टिकचा पेला घ्या. काचेचा नको, गोठताना तडकतो. पातळ प्लॅस्टिकचाही नको, कारण त्याच्या बाजू फुगतात आणि पातळी वाढलेली नीट दिसत नाही. त्यात 200 मिली पाणी ओता, पातळीवर पक्क्या शाईची खूण करा, तोंडावर प्लॅस्टिकचा कागद रबराने ताणून बसवा आणि सगळ्यासकट वजन करून आकडा लिहून ठेवा. मग पेला रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी वजन करण्याआधी पेला बाहेरून कोरडा पुसा. हे विसरले, तर हवेतल्या बाष्पाचे थेंब बाहेरून जमतात, काटा एखाद-दोन ग्रॅम जास्त दाखवतो आणि मुले ‘गोठल्यावर वजन वाढते’ असा निष्कर्ष काढून मोकळी होतात. पाण्याची उंची 8 सेंटिमीटर असेल, तर बर्फाची साधारण 8.7 भरेल. कडा आधी गोठतात म्हणून मध्ये टेंगूळ येते. मोजताना टेंगळाचा माथा धरू नका, कडेची आणि मधली पातळी पाहून अंदाज घ्या.

आता यमके. ओळी लिहायला बसण्याआधी यमकांचा साठा हवा. ज्या शब्दावर कल्पना उभी आहे, तो ओळीच्या शेवटी ठेवून पाहा. ‘पाणी’ हा शब्द त्यासाठी सोन्यासारखा: कहाणी, गाणी, वाणी, राणी, प्राणी. ‘घनता’ला ‘जनता’ मिळते, पण पुढे फारसे काही हाताला लागत नाही. लांब संज्ञा तर ओळीतच मावत नाहीत. ‘गुरुत्वाकर्षण’ एकट्याने नऊ मात्रा खातो, आणि आपली आखूड ओळ आठच मात्रांची आहे.

मात्रांचा हिशेब मुलांना दहा मिनिटांत जमतो. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन, जोडाक्षराच्या आधीचे किंवा अनुस्वार असलेले ऱ्हस्व अक्षर दोनाचे. ‘म्ह’ मात्र बहुधा आधीच्या अक्षराला जड करत नाही, हे आधीच सांगून ठेवा. बोलताना आपण ‘वजन’मधला शेवटचा ‘न’ अर्धा गिळतो. कवितेत त्याची पूर्ण एक मात्रा धरायची. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ सोळा मात्रांची, त्यांचे यमक एक. तिसरी आणि चौथी आठ मात्रांची, त्यांचे यमक वेगळे. दर चार मात्रांना एक टाळी, म्हणजे लांब ओळीला चार टाळ्या आणि आखूड ओळीला दोन.

मंडळासमोर ठेवायला एक कच्चा नमुना मुद्दाम तयार ठेवा. दोष असलेला नमुना दुरुस्त करताना मुले जेवढे शिकतात, तेवढे तयार कविता ऐकून शिकत नाहीत. हा घ्या:

बर्फ म्हणाला, “मी तर पाणी!
तरंगतो का? ऐक कहाणी!
थंडी शिरली,
जागा उरली,
वजन तेच, पण लठ्ठ प्राणी!”

यात तीन चुका आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या आहेत. ‘थंडी शिरली’ ही विज्ञानाची चूक. थंडी नावाची वस्तू आत शिरत नाही, पाण्यातली उष्णता बाहेर जाते. ही समजूत घट्ट बसलेली असते आणि गमतीदार ओळ ती आणखी घट्ट करते. दुसरी चूक ‘लठ्ठ’ या शब्दात आहे. हसू येते खरे, पण लठ्ठ म्हटले की वजन वाढले असेच मनात येते, आणि ओळीचा पहिला अर्धा भाग त्याच्या नेमके उलट सांगतो आहे. ‘मोठा’ म्हटले की काम भागते. तिसरी चूक कागदावर दिसत नाही, टाळीवर कळते. ‘वजन तेच, पण’ यात मात्रा बरोबर आठ आहेत, पण ‘वजन’ तीन मात्रांना संपते आणि दुसरी टाळी ‘ते’च्या मधोमध पडते. म्हणणारा तिथे अडखळतो. ‘तेच वजन, पण’ असे फिरवले की टाळी अक्षराच्या सुरुवातीला येते. बेरीज बरोबर असूनही ओळ लंगडत असेल, तर शब्दांची जागा बदलून पाहा. नवा शब्द शोधण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही.

दुरुस्तीनंतर:

बर्फ म्हणाला, “मी तर पाणी!
तरंगतो का? ऐक कहाणी!
ऊब पळाली,
जाळी झाली,
तेच वजन, पण मोठा प्राणी!”

‘जाळी झाली’ हे दोन शब्द या कवितेतला सगळ्यात मोलाचा माल आहेत. गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना ठरावीक दिशांनी धरून पोकळ जाळीसारखी रचना करतात आणि मध्ये मोकळी जागा राहते. म्हणून बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे 0.92 पट असते, आणि गोड्या पाण्यात तरंगणाऱ्या बर्फाच्या शंभर भागांपैकी जवळपास 92 पाण्याखाली असतात. हे आकडे कवितेत कोंबू नका. कविता म्हणून झाल्यावर विचारायला ते हवेत.

कविता किती लांब पोचते, तेही तपासायचे आहे. थोडे खोबरेल तेल बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा आणि त्याची वडी पातळ खोबरेल तेलात सोडा. ती बुडते. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात, त्यामुळे आपली कविता पाण्याची आहे, प्रत्येक गोठणाऱ्या द्रवाची नाही. वडी आयत्या वेळी फ्रीजरमधून काढा, नाहीतर गरम दिवसात ती दाखवण्याआधीच वितळते.

आणखी एक चाचणी तासाआधी उरका. प्रयोग न पाहिलेल्या एका मुलाला किंवा मुलीला कविता दोनदा म्हणून दाखवा आणि विचारा, गोठल्यावर वजनाचे काय झाले? ‘वाढले’ किंवा ‘कमी झाले’ असे उत्तर आले, तर दोष कवितेचा. शेवटची ओळ पुन्हा लिहा.

तासाला चार-चार जणांचे गट, प्रत्येक गटाला एक कोरा कागद, पेन्सिल, खोडरबर आणि मात्रांचे नियम लिहिलेली चिठ्ठी पुरते. आधी वजनकाटा, मग पेल्यावरची खूण, आणि कविता त्यानंतरच. उलट क्रम केला, तर शेवटच्या ओळीतली गंमत आधीच फुटते आणि काट्याकडे कोणी बघत नाही. म्हणताना ‘पण’नंतर अर्धी टाळी थांबा, तेवढ्या वेळात बर्फाचा पेला खुणेसकट वर उचलून धरा, आणि मग ‘मोठा प्राणी’ सगळ्यांना म्हणू द्या.