टी-20त ‘टॉप बॅटर’चा भाव काढताना या चुका टाळा

संघातर्फे सर्वाधिक धावा कोण करणार, यावर पैज लावण्याच्या बाजाराला ‘टॉप बॅटर’ म्हणतात. ब्रिटनमध्ये तो परवानाधारक कंपन्या चालवतात. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आली, त्यामुळे इथल्या वाचकाने यातलं फक्त गणित घ्यावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्ट्राइक रेट बघून भुलणं. डावात चेंडू 120 च असतात आणि सर्वाधिक धावा बहुधा त्याच्याच होतात, ज्याला जास्त चेंडू मिळतात. 2024 च्या टी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. कोहलीने 76 धावा केल्या, पण 59 चेंडूंत. स्ट्राइक रेट 130 च्याही आतला. त्याआधीच्या सात डावांत मिळून त्याच्या फक्त 75 धावा होत्या, म्हणून ‘फॉर्म नाही’ असं म्हणत भाव चढवणारे भरपूर असतील. पण तो सलामीला येत होता. ही गोष्ट सात डावांच्या फॉर्मपेक्षा जड असते.

आता दोन सलामीवीर घेऊ. आकडे कल्पित आहेत. पहिला सरासरी 20 चेंडूंना एकदा बाद होतो, स्ट्राइक रेट 135. दुसरा 14 चेंडूंना एकदा, स्ट्राइक रेट 165. प्रत्येक चेंडूला बाद होण्याची शक्यता सारखीच धरली, तर पन्नाशीसाठी पहिल्याला 37 चेंडू टिकावं लागेल:

```
0.95^37 ≈ 0.15
(13/14)^30 ≈ 0.11
```

दुसऱ्याला 30 चेंडू पुरतात, तरीही त्याची शक्यता 11 टक्के आणि पहिल्याची 15. फटकेबाज दिसायला जबरदस्त, पण या बाजारात टिकणारा वरचढ. इथे सरासरी धावांची तुलना करून थांबू नका. 27 आणि 23 हे आकडे तुम्हाला क्रम सांगतील, शक्यता सांगणार नाहीत. प्रश्न सरासरीचा नसून इतर सगळ्यांपेक्षा जास्त करण्याचा आहे.

दुसरी चूक सहाव्या क्रमांकाच्या फिनिशरबाबत होते. त्याचा 170 चा स्ट्राइक रेट बहुतेक शेवटच्या पाच षटकांत जमवलेला असतो. 30 चेंडू उरले असताना तो आला आणि स्ट्राइक अर्धी-अर्धी वाटली गेली, तर त्याच्या वाट्याला जास्तीत जास्त 15 चेंडू, म्हणजे पंचविसेक धावा. तेवढ्यात क्वचितच कोणी अव्वल ठरतं. तो जिंकतो कधी? दहा षटकांच्या आत चार गडी गेले तर. पण त्या वेळी खेळ निराळा असतो: आल्या आल्या तो फटके मारत नाही, एकेरी घेत डाव सावरतो, म्हणून स्ट्राइक रेटही खाली येतो. मात्र वरचे सगळे स्वस्तात गेलेले असल्याने 35 धावाही पुरू शकतात. म्हणून त्याच्या शक्यतेचे दोन भाग करा: असा डाव कोसळण्याची शक्यता, आणि कोसळल्यावर त्याने बाजी मारण्याची. पहिली 15 टक्के आणि दुसरी 30 धरली तर गुणाकार साडेचार टक्के. एरवीच्या डावांचा अर्धा टक्का मिळवा, झाले 5 टक्के. शंभराला 5 ने भागलं की खरा भाव 20. लोक त्याला 10-12 लावतात, कारण त्यांना त्याचे षटकार आठवतात.

क्रमांक हा छापील कागदावरून घेऊ नका. अक्षर पटेल त्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात आठव्या क्रमांकावर आला. अंतिम सामन्यात 3 बाद 34 असताना पाचव्यावर, आणि 31 चेंडूंत 47 काढून गेला. पॉवरप्लेत लवकर गडी गेले आणि समोर डावखुरी फिरकी असली की डावखुऱ्याला वर पाठवणं आता नेहमीचंच झालंय. म्हणून नोंद ठेवताना क्रमांकाऐवजी तो कितव्या चेंडूला मैदानात उतरला ते लिहा. फिरता फलंदाज त्यातच ओळखू येतो.

सगळ्या शक्यतांची बेरीज न करणं ही तर फारच साधी चूक. सलामीवीर 26 आणि 22, तिसरा 21, चौथा 14, पाचवा 9, सहावा 5, बाकी सगळे मिळून 3: शंभर भरले पाहिजेत. प्रत्येकाचा भाव वेगवेगळा काढला की बेरीज सहज 115 वर जाते आणि लक्षातही येत नाही. कंपनीच्या भावांतून निघणाऱ्या शक्यतांची बेरीज मुद्दामच शंभराच्या वर असते. ती कमी करताना सगळ्यांतून सारखं प्रमाण काढू नका, तळाच्या फलंदाजांवर नफा सहसा जास्त चढवलेला असतो.

तुमचं गणित चुकतंय का, हे एका सामन्यावरून कळत नाही. सहाव्या क्रमांकाला दिलेल्या सगळ्या शक्यता 200 डावांत जोडा. 5 टक्क्यांनी 10 विजेते अपेक्षित. 12-13 निघाले तर सोडून द्या, 20 निघाले तर डाव कोसळण्याची शक्यता तुम्ही कमी धरताय. आणि दोघांच्या धावा सारख्या झाल्या तर ‘डेड हीट’ लागते: अर्ध्याच रकमेवर पूर्ण भाव मिळतो, उरलेली अर्धी जाते. कमी धावसंख्येच्या खेळपट्टीवर अशी बरोबरी जास्त वेळा होते, तेवढी कपात भावात आधीच धरायला हवी.