ड्रॉवरचं टेलिस्कोपिक चॅनल कपाटातून कसं काढावं: लपलेली कळ शोधण्यापासून स्क्रूपर्यंत

ड्रॉवर पूर्ण बाहेर येतो, टक्‌ आवाज करून थांबतो आणि त्यापुढे काही केल्या हलत नाही. अशा वेळी जोर लावू नका. तिथे एक कळ असते आणि ती दाबल्याशिवाय ड्रॉवर सुटणार नाही अशीच रचना असते. नाहीतर रोज उघडताना तो पायावर पडला असता.

आधी चॅनल कोणत्या जातीचं आहे ते बघा. ड्रॉवर बाहेर ओढल्यावर दोन्ही बाजूंना धातूची पट्टी दिसली आणि तिच्या कडांमध्ये बारीक गोळ्या दिसल्या, तर ते बाजूला बसणारं बॉल बेअरिंगचं चॅनल. हा लेख त्याच्याबद्दल आहे. पांढऱ्या पत्र्याचं, प्लास्टिकच्या चाकावर चालणारं चॅनल असेल तर कळ शोधू नका, तिथे ती नसतेच. ड्रॉवर पूर्ण ओढा, पुढची बाजू वर उचला, तो निघून येईल. बाजूला काहीच दिसत नसेल तर चॅनल ड्रॉवरच्या तळाखाली लपलेलं आहे. अशा वेळी पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत खालून हात घाला. तिथे प्लास्टिकच्या दोन क्लिपा लागतात, त्या एकाच वेळी दाबायच्या.

आता बाजूचं चॅनल. पूर्ण उघडणाऱ्या चॅनलमध्ये एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या असतात. बाहेरची कपाटाच्या फळीला, आतली ड्रॉवरला आणि मधली दोघींच्या मध्ये तरंगती. कळ असते आतल्या, म्हणजे ड्रॉवरच्या पट्टीवर. ड्रॉवर बंद असताना ती मधल्या पट्टीत शिरलेली असते, म्हणून दिसत नाही. ड्रॉवर शेवटपर्यंत ओढा आणि आतली पट्टी मधलीतून जिथे बाहेर येते त्या तोंडाजवळ बघा. पट्टीच्या खोबणीत प्लास्टिकची बोटाएवढी लांब, बहुतेकदा काळी, निमुळती जीभ पडलेली असते. तीच कळ. धुळीनं माखली असेल तर डोळ्यांपेक्षा बोटानं लवकर सापडते: पट्टीवरून बोट फिरवा, धातूच्या मध्येच काहीतरी मऊ आणि किंचित लवचीक लागेल.

इथे बहुतेक लोक अडकतात. दोन्ही बाजूंची कळ एकाच दिशेला दाबायची नसते. डावं आणि उजवं चॅनल बनवताना एकच असतं. दुसऱ्या बाजूला बसवताना ते उलटं होतं आणि त्याबरोबर कळही उलटी होते. त्यामुळे एका बाजूची कळ वर ढकलावी लागते, तर दुसऱ्या बाजूची खाली. कोणती कुठे हे पाठ करायची गरज नाही. ड्रॉवर पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक कळ हलकेच वर आणि खाली ढकलून बघा. एका दिशेला ती ठाम थांबते, दुसऱ्या दिशेला स्प्रिंगसारखी दबते. दबते ती दिशा खरी.

सोडवण्याआधी ड्रॉवर रिकामा करा. वजनामुळे तो पुढे झुकतो, कळीची खाच मधल्या पट्टीच्या आडकाठीवर घट्ट रुतते आणि बोट दुखेपर्यंत दाबूनही काही होत नाही. रिकामा झाल्यावरही कळ घट्ट वाटली तर ड्रॉवर अगदी थोडा, एक-दोन मिलिमीटर, आत ढकला. ताण गेला की ती सहज दबते. मग दोन्ही कळी दाबून धरा आणि ड्रॉवर सरळ समोर ओढा. खाच आडकाठीपलीकडे गेली की कळ सोडली तरी चालते. ड्रॉवर रुंद असेल तर एकानं कळी दाबाव्यात आणि दुसऱ्यानं ओढावं, हेच बरं.

समजा डावी बाजू सुटली आणि उजवी अडकली. ड्रॉवर तिरका होतो आणि आता डावीकडून ओढलं तर आणखी फसतो. त्याला पुन्हा आत ढकला, दोन्ही बाजू एका रेषेत आल्या की परत पूर्ण बाहेर काढा आणि सुरुवातीपासून करा. उजवी कळ तुटलेलीच असेल तर तिच्या जागी उरलेला खुंट बारीक स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं त्याच दिशेला दाबून बघा. तेही जमलं नाही किंवा त्या चॅनलला कळच नसेल, तर आतली पट्टी ड्रॉवरला ज्या स्क्रूंनी लावली आहे तेच काढा. ड्रॉवर पूर्ण उघडला की पुढचे स्क्रू उघडे पडतात, मागचे मधल्या पट्टीच्या आड राहू शकतात. स्क्रू काढताना ड्रॉवर खालून कुणीतरी धरलेला हवा.

ड्रॉवर निघाला की कपाटात बाहेरची आणि मधली पट्टी उरते. या दोघी एकमेकींपासून ओढून वेगळ्या करू नका. बहुतेक चॅनलमध्ये त्या सुटण्यासाठी नसतातच आणि जबरदस्ती केली तर गोळ्या जमिनीवर सांडतात. आपल्याला हवेत कपाटाच्या फळीतले स्क्रू. मधली पट्टी पुढे-मागे सरकवली की काही स्क्रू दिसतात. बाकीचे दिसत नाहीत, कारण ते मधल्या पट्टीच्या आड असतात. त्यासाठी मधल्या पट्टीत मोठी भोकं ठेवलेली असतात. विजेरी धरून पट्टी हळूहळू पुढे-मागे सरकवा. भोक स्क्रूच्या माथ्यासमोर आलं की थांबा आणि तिथून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर घाला. आधी मागचे स्क्रू काढा, पुढचा शेवटी. उलट केलं तर चॅनल पुढून खाली लोंबतं आणि मागच्या स्क्रूचं भोक मोठं होतं.

नवं चॅनल घ्यायचं असेल तर जुनं पूर्ण मिटवून लांबी मोजा, ड्रॉवरची खोली मोजून चालत नाही. उंचीही मोजा: नेहमीच्या पूर्ण उघडणाऱ्या चॅनलची ती साधारण ४५ मिलिमीटर असते. जाडी मात्र नक्की जुळली पाहिजे, कारण ड्रॉवर आणि फळी यांच्यातली फट तेवढीच, बहुतेकदा प्रत्येक बाजूला अर्धा इंच, ठेवलेली असते. स्क्रूही पसरट माथ्याचेच वापरा. माथा वर राहिला तर मधली पट्टी त्याला घासते आणि दर वेळी त्याच जागी ड्रॉवर अडकतो.

परत बसवताना कळ दाबावी लागत नाही. कपाटातल्या दोन्ही मधल्या पट्ट्या पुढे ओढा आणि गोळ्यांची जाळीही बोटानं अगदी तोंडापर्यंत आणा. जाळी मागे राहिली तर ड्रॉवरची पट्टी तिला तिरकी धडकते आणि जाळी चुरगळते. दोन्ही पट्ट्यांची टोकं तोंडात बरोबर बसली का ते खाली वाकून बघा आणि मग सरळ ढकला. मध्ये थोडा जड लागेल. दोन-तीनदा उघडून मिटला की जाळी आपल्या जागी जाते. जाडसर कर्रकर्र आवाज आला तर तिथेच थांबा, बाहेर काढा, पट्टी जाळीच्या बाहेरून गेली आहे.

हळू मिटणारं चॅनल असेल आणि बसवल्यावर शेवटचा तुकडा आपोआप आत ओढला जात नसेल, तर मागची पकड रिकामीच मिटली आहे. ड्रॉवर एकदा जोर लावून शेवटपर्यंत आत ढकला, पकड टक्‌ करून अडकेल आणि पुढच्या वेळेपासून तो नीट मिटेल.