फोटोतलं नाव-प्रवाहाचं गणित: उलटा वेग आणि सुलटा वेग वेगळे कसे काढायचे

दहावीच्या बीजगणितात आणि भरतीच्या परीक्षांत नाव-प्रवाहाचं गणित हमखास येतं. हल्ली ते बहुतेक वेळा फोटोतूनच हातात पडतं: कुणीतरी पुस्तकाच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि आपण झूम करून सोडवायला बसतो. अशी गणितं चुकतात ती आकडेमोडीत कमी आणि वाचण्यात जास्त. म्हणून आधी एक गणित फोटोतून नीट वाचूया, मग सोडवूया.

फोटोत असं छापलंय असं समजा:

"एका नावेला प्रवाहाच्या विरुद्ध व प्रवाहाच्या दिशेने अनुक्रमे २४ किमी व ३० किमी जाण्यास एकूण ७ तास लागतात. त्याच नावेला प्रवाहाच्या दिशेने ५० किमी व प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने १८ किमी जाण्यास एकूण ८ तास लागतात. तर नावेचा संथ पाण्यातील वेग व प्रवाहाचा वेग काढा."

आधी गणित कागदावर उतरवून घ्या

फोटोकडे बघत थेट समीकरण मांडायला जाऊ नका. आधी पूर्ण वाक्यं वहीत लिहा. लिहिताना दोन जागी थांबायचं.

पहिली जागा म्हणजे अंक. देवनागरी छपाई फोटोत जरा धूसर झाली की १ आणि ९ एकमेकांसारखे दिसू लागतात, आणि १८ चे ९८ होतात. मागच्या पानाची छपाई कागदातून उमटली असेल तर नसलेला दशांश चिन्हाचा ठिपकाही दिसतो. शंका आली की त्याच पानावर स्पष्ट छापलेला तोच अंक शोधून शेजारी ताडून बघा.

दुसरी जागा म्हणजे दिशेचे शब्द, आणि इथे घाई अजिबात नको. पहिल्या वाक्यात "अनुक्रमे" आहे, म्हणजे २४ किमी विरुद्ध दिशेने आणि ३० किमी प्रवाहाच्या दिशेने. दुसऱ्या वाक्यात क्रम फिरवलाय: ५० किमी प्रवाहाच्या दिशेने आधी, १८ किमी विरुद्ध दिशेने नंतर. शिवाय "विरुद्ध" हा शब्द ओळीच्या टोकाला आला आणि फोटोची कड कापली गेली, तर उरतं नुसतं "प्रवाहाच्या … दिशेने", आणि अर्थच उलटा होतो. कड कापलेली दिसली तर अंदाज न बांधता दुसरा फोटो मागवा.

मग दोन रकान्यांची छोटी पट्टी करा. डावीकडे "विरुद्ध", उजवीकडे "दिशेने". पहिल्या प्रवासापुढे २४ आणि ३०, एकूण ७ तास. दुसऱ्यापुढे १८ आणि ५०, एकूण ८ तास. फिरवलेला क्रम इथे आपोआप सरळ होतो.

नावेचा वेग लगेच शोधू नका

प्रवाहाच्या दिशेने जाताना पाणी नावेला पुढे नेतं, म्हणून दोन्ही वेगांची बेरीज होते. विरुद्ध जाताना तेच पाणी तिला मागे ओढतं, म्हणून वजाबाकी. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि म्हणूनच बरेच जण नावेचा वेग व प्रवाहाचा वेग हीच दोन चलं घेतात. मग छेदात बेरीज-वजाबाकी येते आणि समीकरण किचकट होऊन बसतं. त्यापेक्षा विरुद्ध दिशेचा वेग आणि प्रवाहाच्या दिशेचा वेग हे दोनच आधी शोधायचे. नाव आणि पाणी शेवटी वेगळे करू.

विरुद्ध दिशेने १ किमी जायला लागणारा वेळ क्ष तास आणि प्रवाहाच्या दिशेने १ किमी जायला लागणारा वेळ य तास माना. पट्टीवरून समीकरणं सरळ लिहिता येतात:

२४क्ष + ३०य = ७
१८क्ष + ५०य = ८

पहिल्याला ३ ने आणि दुसऱ्याला ४ ने गुणा:

७२क्ष + ९०य = २१
७२क्ष + २००य = ३२

वजाबाकी केली की ११०य = ११, म्हणजे य = १/१०. ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवली की २४क्ष = ४, म्हणजे क्ष = १/६.

एक किलोमीटरला १/६ तास लागतो, तर वेग ताशी ६ किमी. हा विरुद्ध दिशेचा. दुसरा ताशी १० किमी, प्रवाहाच्या दिशेचा.

इथेच थांबू नका. पर्यायी प्रश्नात "६ व १०" हा पर्याय बहुधा दिलेला असतोच, पण विचारलंय दुसरंच. दोन्ही वेगांची बेरीज करून निम्मं केलं की नावेचा संथ पाण्यातील वेग मिळतो: १६ चे निम्मे ८. वजाबाकी करून निम्मं केलं की प्रवाहाचा: ४ चे निम्मे २. म्हणजे नाव ताशी ८ किमी, प्रवाह ताशी २ किमी.

वाचण्यातली चूक उत्तरात कशी दिसते

दुसऱ्या वाक्यातला फिरवलेला क्रम लक्षात आला नाही आणि विरुद्ध दिशेला ५०, प्रवाहाच्या दिशेला १८ लिहिले, तर विरुद्ध दिशेचा वेग ताशी सुमारे ९.४ किमी येतो आणि प्रवाहाच्या दिशेचा सुमारे ६.८. नाव प्रवाहाविरुद्ध जास्त वेगाने जातेय! वजाबाकी केली तर प्रवाहाचा वेग ऋण येतो. असं दिसलं की बहुधा रकाने उलटे झालेत, परत फोटोकडे जा.

१८ चे ९८ वाचले असतील तर चूक त्याआधीच दिसते. तेव्हा क्ष हाच ऋण येतो. वेळ ऋण असूच शकत नाही, तेव्हा पुढची आकडेमोड करण्यात अर्थ नाही.

मात्र प्रत्येक चूक अशी उघडी पडत नाही. चुकीच्या आकड्यानेही कधी कधी दोन्ही वेग धन आणि योग्य क्रमाने येतात. त्यामुळे ताळा घेताना वहीतल्या समीकरणात किमती ठेवून भागत नाही, कारण त्यातून फक्त आकडेमोड तपासली जाते. फोटो पुन्हा उघडा आणि छापील वाक्य वाचत वाचत हिशोब करा: विरुद्ध दिशेने २४ किमी ताशी ६ ने, ४ तास; प्रवाहाच्या दिशेने ३० किमी ताशी १० ने, ३ तास; एकूण ७. दुसरा प्रवास: ५० किमीला ५ तास, १८ किमीला ३ तास, एकूण ८. दोन्ही जुळले.

वेळ "साडेसात तास" किंवा "७ तास ३० मिनिटे" असेल तर ७.५ घ्या. ७.३० असं लिहिलं की पुढे त्याचं ७.३ होतं आणि सगळं बिघडतं.

जाऊन-येऊन सरासरी

याच नावेवर आणखी एक प्रश्न विचारला जातो: ३० किमी विरुद्ध जाऊन तेवढंच परत आलं तर सरासरी वेग किती? ६ आणि १० ची सरासरी ८ हे उत्तर चूक आहे. जाताना ५ तास लागतात, येताना ३. एकूण ६० किमी ८ तासांत, म्हणजे ताशी ७.५ किमी. हळू जाण्यात जास्त वेळ जातो, म्हणून सरासरी त्या बाजूला झुकते. संथ पाण्यात हेच ६० किमी ताशी ८ ने साडेसात तासांत झाले असते. येताना पाण्याची मदत होऊनही जाताना गेलेला वेळ पूर्ण भरून निघत नाही, अर्धा तास जास्तच लागतो.