निवेदनाचा सारांश: ‘झाले’ आणि ‘झाल्याचे म्हटले आहे’ यांतील अंतर

लातूर जिल्ह्यातील एका संस्थेत कामाला लागलो तेव्हा गावोगावहून येणाऱ्या निवेदनांचा अर्ध्या पानाचा सारांश करणे हे माझे पहिले काम होते. त्या सारांशावरून संस्थेची पत्रे तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जात असत. या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी तेव्हाची एक चूक येथे तपशिलाने मांडतो.

पावसाळ्याच्या अखेरीस एका गावातील शेतकऱ्यांचे निवेदन आले. रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला, गावातील 80 टक्के सोयाबीन गेले आणि पंचनाम्याला कोणी आले नाही, असा त्याचा आशय होता. मी लिहिले: ‘मंडळात झालेल्या अतिवृष्टीमुळे गावातील 80 टक्के सोयाबीन नष्ट झाले असून महसूल विभागाने अद्याप पंचनामे केलेले नाहीत.’ वाक्य नेटके वाटल्यामुळे ते जसेच्या तसे पत्रात गेले. तहसील कार्यालयातून उत्तर आले की, त्या दिवशी मंडळात 48 मिलिमीटर पावसाची नोंद आहे आणि काही गटांचे पंचनामे पूर्ण झाले आहेत. निवेदन देणारे खोटे बोलले नव्हते. त्यांच्या शिवारात खरोखरच कोणी आले नसावे. मात्र त्यांचे म्हणणे आता आमच्या संस्थेचे विधान झाले होते आणि खुलासा आम्हालाच करावा लागला.

त्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या चुका होत्या. पंचनाम्याविषयीची चूक सर्वांत सरळ होती, कारण तेथे ‘अर्जदारांच्या म्हणण्यानुसार’ एवढे दोन शब्द गाळले गेले होते. टक्केवारीची चूक थोडी खोल होती. 80 टक्के क्षेत्र बाधित झाले की सर्व क्षेत्रावरील पीक 80 टक्के गेले, हे निवेदनात स्पष्ट नव्हते. पीक नुकसानीची मदत 33 टक्के किंवा अधिक नुकसान असल्यास मिळते, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा होता. अशा वेळी आपल्या मनाने अर्थ पक्का न करता अर्जदारांचेच शब्द अवतरणचिन्हांत ठेवावेत, असे मी तेव्हापासून करतो.

तिसरी चूक मला सर्वांत उशिरा दिसली. ‘ढगफुटीसारखा पाऊस’ हे शेतकऱ्यांचे वर्णन होते. ‘अतिवृष्टी’ हा शब्द मी घातला. महसुली भाषेत 24 तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाऊस मंडळात नोंदवला गेला, तरच त्याला अतिवृष्टी म्हणतात, आणि पर्जन्यमापक गावापासून काही किलोमीटर दूरही असू शकतो. म्हणजे शिवारात जोरदार पाऊस होऊनही मंडळात अतिवृष्टीची नोंद नसणे शक्य होते. मी केवळ दावा सत्य म्हणून मांडला नव्हता, तर अर्जदारांनी न केलेला दावा त्यांच्या नावावर उभा केला होता.

शिवाय तो ‘झालेल्या’ या रूपात दडला होता. मराठीत ‘-लेला’, ‘-ल्यामुळे’, ‘-ल्याने’ ही रूपे वाक्याच्या पोटात एखादी गोष्ट सिद्ध धरून पुढे जातात आणि वाचकाचे लक्ष मुख्य क्रियापदाकडे राहते. त्यामुळे ‘झालेल्या नुकसानीची भरपाई मिळावी, अशी त्यांची मागणी आहे’ या वाक्यात मागणी अर्जदारांची ठरते, पण नुकसान आपण मान्य केलेले असते. काही क्रियापदेही हेच करतात. ‘त्यांनी निदर्शनास आणून दिले’, ‘उघड केले’, ‘स्पष्ट केले’ असे लिहिले की पुढील मजकूर आपण खरा धरला असाच अर्थ होतो. याउलट ‘म्हणे’ आणि ‘कथित’ हे शब्द अर्जदारावर अविश्वास दाखवतात, आणि तोही आपला अधिकार नव्हे. ‘म्हटले आहे’, ‘नमूद केले आहे’, ‘त्यांची तक्रार आहे’ ही रूपे मला सर्वांत समतोल वाटतात.

ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या दिवशी माझा कागद समोर ठेवून प्रत्येक क्रियापदाखाली आणि प्रत्येक ‘-लेल्या’खाली पेन्सिलीने रेघ ओढायला लावली आणि प्रत्येक रेघेला एकच प्रश्न विचारला: ‘हे तू पाहिलंस, की त्यांनी सांगितलं?’ सुधारलेला सारांश असा झाला: ‘गावातील शेतकऱ्यांचे सह्यांचे निवेदन प्राप्त झाले. रात्री “ढगफुटीसारखा” पाऊस होऊन “गावातील 80 टक्के सोयाबीन गेले”, असे अर्जदारांनी म्हटले आहे. पंचनाम्यासाठी कोणी आले नाही, अशीही त्यांची तक्रार आहे.’ निवेदन प्राप्त झाले, एवढेच विधान येथे आमचे आहे, कारण कागद आमच्या हातात होता. तिसऱ्या वाक्यात ‘त्यांची तक्रार’ पुन्हा लिहावे लागले, कारण आधीच्या वाक्यातील ‘अर्जदारांनी’चा आधार पूर्णविरामानंतर सुटतो आणि पुढचे विधान लेखकाचे वाटू लागते.

तहसीलचे उत्तर आल्यावर त्याच सारांशाखाली आम्ही आणखी एक ओळ जोडली: ‘तहसील कार्यालयाने कळवल्यानुसार त्या दिवशी मंडळात 48 मिलिमीटर पावसाची नोंद असून काही गटांचे पंचनामे झाले आहेत.’ पर्जन्यमापक किंवा पंचनाम्याचे कागद आम्ही स्वतः पाहिले नव्हते, म्हणून तेथेही ‘कळवल्यानुसार’ ठेवले.